माणूस हलवला, पण जुन्या जागी त्याचाच तुकडा परत उगवतो: फोटोशॉपमधल्या या घोळाचं कारण आणि उपाय

लग्नाच्या, साखरपुड्याच्या, घरच्या कार्यक्रमांच्या अल्बमचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण वारंवार येते. फोटोतली एक व्यक्ती डावीकडून उचलून उजवीकडे न्यायची असते. Content-Aware Move Tool घेतलं, भोवती सिलेक्शन ओढलं, व्यक्तीला नव्या जागी सोडलं. नवी जागा बरी दिसते, पण जुन्या जागी साडीच्या काठाचा एक पट्टा, कोपराचा तुकडा किंवा पायाशी काळपट डाग तसाच उरतो. Undo करून पुन्हा केलं, तर डाग जातो आणि शेजारी दुसरा उगवतो. मग क्लोन स्टॅम्पने पुसत बसायचं, आणि पुसलेलं सगळं प्रिंटमध्ये दिसायचं.

हे टूल 2012 साली CS6 बरोबर आलं. ते दोन कामं एका दमात करतं: वस्तू उचलतं आणि मागची जागा बुजवतं. दोन्हींसाठी ते एकच सिलेक्शन वापरतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. उचलण्यासाठी सिलेक्शन अंगाला घट्ट हवं, नाहीतर जुन्या पार्श्वभूमीची किनार सोबत नव्या जागी जाते. बुजवण्यासाठी मात्र ते सैल हवं, नाहीतर माणसाची कड जागेवरच राहते. गवत, वाळू, कोरं आकाश अशा एकसारख्या पार्श्वभूमीवर सैल सिलेक्शन दोन्हीकडे खपून जातं, म्हणून शिकवण्याच्या व्हिडिओत हे टूल इतकं सुरेख चालतं. मागे रेलिंग, फरशी, पायऱ्या असल्या की चालत नाही. तेव्हा दोन कामं वेगळी करायची, दोन सिलेक्शनं ठेवायची.

उपायाकडे जाण्याआधी डाग नीट ओळखायला हवा, कारण तीन वेगळ्या चुका वरवर सारख्याच दिसतात. हलवलेल्या व्यक्तीचा लेयर बंद करा आणि बुजवलेली जागा 100 टक्के झूमवर बघा.

डाग भरलेल्या जागेच्या कडेला चिकटून आत आलेला असेल, तर सिलेक्शन घट्ट होतं. भरण्याचं काम असं चालतं: प्रोग्राम भोकाच्या कडेचे पिक्सेल बघतो आणि त्यांना जुळतील असे छोटे तुकडे उरलेल्या फोटोतून शोधून आत बसवतो. कडेला मरून साडीचे चार-पाच पिक्सेल राहून गेले असतील, तर त्यांना जुळणारा तुकडा म्हणून तो कुठूनतरी मरून कापडच आणणार. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, कारण तिथे मरून रंग सुरू होतोय असं त्याला दिसतंय.

डाग भोकाच्या मधोमध, कशालाही न चिकटता तरंगत असेल, तर कड स्वच्छ आहे आणि नमुना चुकीच्या ठिकाणाहून आलाय. शेजारच्या माणसाचा बाहीचा तुकडा, दुसऱ्याची चप्पल असं काहीही त्यात निघतं.

आणि पायाशी आकारहीन काळपटपणा असेल, तर ती राहून गेलेली सावली. माणूस गेला, सावली तिथेच राहिली.

आता एक फोटो सुरुवातीपासून सोडवू. फुटाळा तलावाच्या काठावरचा संध्याकाळचा कुटुंबाचा फोटो आहे. नागपुरात असे फोटो प्रत्येक स्टुडिओत येतात: मागे पाणी, पाण्यावर मावळता सूर्य, पुढे आडवं रेलिंग, पायाखाली पेव्हर ब्लॉक. उजवीकडे वडील, मुलगा आणि सून एकत्र उभे आहेत. आई एक पाऊल पुढे, बरीच डावीकडे, एकटी. सूनबाईंचं म्हणणं साधं होतं: "भाऊ, आईंना आमच्या मधात घ्या ना. त्या फोटोत वेगळ्याच उभ्या दिसतात." मी त्यांना विचारलं, "ताई, अगदी मधात जागा नाही. तुमच्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून घेतल्या तर चालेल?" त्यांना चाललं. हे विचारणं का गरजेचं होतं, ते पुढे सावलीपाशी येईल.

फाइल 6000 बाय 4000 पिक्सेलची. पुढचे आकडे याच मापात आहेत, तुमची फाइल लहान असेल तर त्या प्रमाणात कमी करा.

आधी मूळ लेयरची Ctrl+J ने प्रत काढली आणि सगळं काम प्रतीवर केलं. पहिलं सिलेक्शन घट्ट. अंगाची कड पेन टूलने घेतली, केस Select and Mask मध्ये Refine Edge ब्रशने. हे सिलेक्शन Select > Save Selection ने जतन केलं, कारण पुढे सैल सिलेक्शनसाठी ते परत लागतं. Ctrl+J ने आई वेगळ्या लेयरवर आल्या. तो लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून सध्या बंद ठेवला.

दुसरं सिलेक्शन सैल. जतन केलेलं सिलेक्शन परत उघडून Select > Modify > Expand मध्ये 12 पिक्सेल दिले. लेन्सचा मऊपणा, JPEG मुळे कडेला पसरलेला रंग, कपाळावरचे सुटे केस हे सगळं या पट्ट्यात आत येतं. मग Shift दाबून लॅसोने पायापासून फोटोच्या खालच्या कडेपर्यंत गेलेली पूर्ण सावली त्यात जोडली. सूर्य समोर असल्यामुळे सावली आपल्याकडे येते आणि फ्रेमबाहेर जाते. पेव्हर ब्लॉकवर साडीच्या रंगाची हलकी झाकही असते, पायाभोवती तीसुद्धा घ्यायची. हे सिलेक्शनही वेगळ्या नावाने जतन केलं. कडेने एक चक्कर मारून बघा: भोकाच्या सीमेवर आता फक्त पाणी, रेलिंग आणि उन्हातली फरशी दिसायला हवी.

आता बुजवणं. यासाठी Edit > Content-Aware Fill वापरायचं. ही वेगळी खिडकी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि तिचा मोठा फायदा म्हणजे नमुना कुठून घ्यायचा ते आपण ठरवतो. Sampling Area Options मध्ये Custom निवडलं की नमुन्याची जागा दाखवणारा हिरवा थर जातो, आणि ब्रशने रंगवू तेवढ्याच भागातून तुकडे घेतले जातात. तरंगणाऱ्या डागावर हाच इलाज आहे: माणसं कधीच हिरव्या थराखाली येऊ द्यायची नाहीत.

या फोटोत भोकाच्या आत तीन वेगळ्या गोष्टी आहेत: वर पाणी आणि आकाश, मधे रेलिंग, खाली फरशी. एकाच वेळी सगळं भरायला गेलं तर पाण्यात पेव्हरचा तुकडा जातो. मग पट्टे पाडून एकेक भरावं असं वाटतं, पण तसं करू नका. भोकाचा फक्त वरचा पट्टा सिलेक्ट केला, तर त्याच्या खालच्या सीमेवर आईंची साडी शिल्लक असते. म्हणजे कडेला मरून पिक्सेल, आणि आपण पुन्हा पहिल्या चुकीवर आलो. हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

योग्य रीत अशी. दर वेळी पूर्ण सैल सिलेक्शनच वापरायचं, फक्त नमुना बदलायचा. पहिल्या वेळी नमुन्यात डावीकडचं पाणी आणि आकाश रंगवलं. सूर्याखालचा चमकता पट्टा आणि माणसं बाहेर ठेवली. Output To मध्ये New Layer. भोकभर पाणी भरलं गेलं, फरशीच्या जागीसुद्धा. त्या लेयरला मास्क लावून फक्त रेलिंगच्या वरचा भाग दिसू दिला. मग प्रतीचा लेयर पुन्हा निवडून, तेच सिलेक्शन उघडून, या वेळी नमुन्यात फक्त फरशी रंगवली आणि दुसऱ्या नव्या लेयरवर काढली. तिथेही मास्क, फक्त खालचा भाग दिसणारा.

फरशीच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची. पेव्हर ब्लॉक कॅमेऱ्याकडे येतात तसे मोठे दिसतात. रेलिंगजवळचा ब्लॉक उचलून खालच्या कडेला बसवला तर सांधे लगेच चुकतात. म्हणून नमुना आडव्या पट्ट्यात घ्यायचा, भोकाच्या डावी-उजवीकडचा, त्याच उंचीवरचा. Rotation Adaptation ला None, आणि Scale व Mirror दोन्ही बंद. एका भरणीत सांधे जुळले नाहीत तर फरशीचा जवळचा आणि लांबचा असे दोन नमुने घेऊन दोन लेयर करा, नियम तोच: सिलेक्शन पूर्ण, मास्क हवा तेवढा. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही आणि जे GIMP मध्ये Resynthesizer चं Heal Selection वापरतात, त्यांनी तिथे Sample from मध्ये Sides निवडावं. आजूबाजूचाच नमुना घेतला जातो, वर-खालचा नाही.

रेलिंग मात्र कुठल्याही आपोआप भरणीवर सोडू नये. सरळ आडवा पाइप मधेच एक-दोन पिक्सेल जाड-बारीक झाला तरी डोळा तिथेच जाऊन अडकतो. आईंच्या मागे रेलिंगचा दीड गाळा लपला होता. डावीकडचा एक अख्खा गाळा, एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, पाइपांमधून दिसणाऱ्या पाण्यासकट Ctrl+J ने उचलला आणि उजवीकडे सरकवला. कॅमेरा जरासा तिरका होता, म्हणून Ctrl+T ने एक टोक तीन-चार पिक्सेल खाली घेतलं. खांब खांबावर बसला की पाइप आपोआप जुळतात. बाकी अर्ध्या गाळ्यासाठी तेच पुन्हा. जोड मऊ मास्कने खांबाच्या मागे लपवायचा, पाइपाच्या मधोमध कधीच नाही.

भोक बुजलं. आईंचा लेयर सुरू करून नव्या जागी आणल्यावर पुढची अडचण येते: त्या इतरांपेक्षा मोठ्या दिसतात. कारण त्या मुळात एक पाऊल पुढे होत्या. इथे अंदाजाने लहान करत बसू नका, मोजून मिळतं. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटोतला आकार त्याचे पाय क्षितिजाच्या किती खाली आहेत त्यावर ठरतो. या फोटोत क्षितिज वरून 1500 पिक्सेलवर होतं. तलावाचा पलीकडचा काठ क्षितिजाच्या किंचित खाली असतो, पण एवढ्या अंतरावर तो धरला तरी फरक डोळ्याला कळत नाही. आईंचे पाय आधी 3500 वर होते, म्हणजे क्षितिजाच्या 2000 खाली. नव्या जागी इतरांच्या ओळीत पाय 3300 वर येतात, म्हणजे 1800 खाली. 1800 भागिले 2000, म्हणजे 90 टक्के. Ctrl+T मध्ये संदर्भबिंदू पायाशी ठेवून 90 टक्के दिले. ताळा करायला सोपं आहे: क्षितिजाची रेषा आधी आईंच्या हनुवटीपाशी जात होती, आताही तिथूनच गेली पाहिजे.

केसांच्या कडेला जुन्या आकाशाची झाक उरली असेल तर Select and Mask मधलं Decontaminate Colors हलक्या मापात पुरतं. त्यात फार वेळ घालवू नका. लोक फसतात ते सावलीत.

जुनी सावली उचलून नव्या जागी ठेवता येत नाही. एकतर तिच्यात जुन्या पेव्हरचे सांधे असतात. दुसरं म्हणजे तिची दिशाच बदलते. सूर्य फ्रेममध्ये असला की फोटोतल्या सगळ्या सावल्या एका बिंदूपासून फाकतात, आणि तो बिंदू म्हणजे सूर्याच्या सरळ खाली क्षितिजावरची जागा. प्रत्यक्ष जमिनीवर सावल्या समांतर असतात, पण फोटोत त्या सरळ शेतातल्या सऱ्यांसारख्या लांबच्या एका बिंदूकडे मिळताना दिसतात. या फोटोत सूर्य डावीकडून 3600 पिक्सेलवर होता. आई मुळात 1100 वर उभ्या होत्या, त्यामुळे त्यांची सावली डावीकडे बरीच कललेली, उभ्या रेषेपासून जवळजवळ 51 अंश. नवी जागा 2700 वर. तिथे कल फक्त 27 अंशांच्या आसपास हवा. जुनी सावली तशीच नेली असती तर शेजारी उभ्या असलेल्या सुनेची सावली जवळपास सरळ खाली आणि आईंची आडवी, असं विचित्र दिसलं असतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो जोडलेला आहे हे त्याला लगेच कळतं.

आईंना सुनेच्या डावीकडेच घेण्याचं कारणही हेच. फोटोत सूर्य त्यांच्या उजवीकडे होता, त्यामुळे केसांवर आणि खांद्यावर उजवीकडून सोनेरी कड आली होती. 3600 च्या पलीकडे, वडिलांच्या शेजारी नेलं असतं तर ती कड चुकीच्या बाजूला पडली असती, आणि ती पुसून दुसऱ्या बाजूला रंगवणं म्हणजे खोटेपणा उघडा पाडणं. सूर्याची उभी रेषा ओलांडायची नाही, हे ग्राहकाला आधीच सांगून टाकावं. चेहरा उलटा करून, म्हणजे Flip Horizontal करून, हा प्रश्न सोडवणारे आहेत. पण साडीचा पदर डाव्या खांद्याचा उजव्यावर जातो, नथ दुसऱ्या बाजूला जाते, आणि घरची माणसं ते पहिल्या नजरेत ओळखतात.

नवी सावली Curves च्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरने करायची, काळ्या ब्रशने नाही. आधी Info पॅनेलमध्ये सुनेच्या सावलीचे आकडे बघितले. उन्हातल्या फरशीवर लाल 170 आणि निळा 130 होता, सावलीत लाल 95 आणि निळा 92. म्हणजे लाल खूप उतरतो, निळा कमी, कारण संध्याकाळचं ऊन लालसर आणि सावलीत पोचणारा उजेड आकाशाचा निळसर. Curves मध्ये लाल आणि निळ्या चॅनेलला वेगवेगळे बिंदू देऊन हेच आकडे आणले, हिरव्यालाही तसंच. सगळीकडे सारखं काळं केलं तर सावली मातकट दिसते. या लेयरचा मास्क काळा केला. मग आईंच्या लेयरच्या चित्रावर Ctrl दाबून क्लिक केल्यावर आलेलं सिलेक्शन मास्कमध्ये पांढरं भरलं, उभं उलटं केलं, आणि Distort ने पायापासून खाली त्या 27 अंशांच्या रेषेवर ओढलं. फोटोत पायाखाली 700 पिक्सेलच फरशी शिल्लक आहे, त्यामुळे डोक्यापर्यंतची सावली फ्रेमबाहेरच जाते, आकाराची फार चिंता नाही. पेव्हरचे सांधे Curves च्या खालून जसेच्या तसे दिसत राहतात, हा या रीतीचा खरा फायदा.

दोन बारकावे इथे राहून जातात. सावली पायाशी तीक्ष्ण आणि पुढे मऊ होत जाते, म्हणून मास्कला एकसारखा ब्लर न देता पायाशी तो जवळपास शून्य ठेवून खाली वाढवत न्यायचा. आणि जिथे आईंची आणि सुनेची सावली एकमेकींना लागते, तिथे ती दुप्पट गडद होता कामा नये. एकाच सूर्याचं ऊन एकदाच अडतं. तेवढ्या भागात आईंच्या सावलीचा मास्क काळ्या ब्रशने पुसून टाका.

शेवटी सगळे लेयर तसेच ठेवून वर एक एकत्रित प्रत काढा, Ctrl+Shift+Alt+E ने, आणि फोटो 25 टक्के झूमवर आडवा उलटा करून बघा. पाण्यावरची एखादी लाट किंवा फरशीवरचा एखादा डाग दोनदा आलेला असेल तर तो या वेळी दिसतो. मग ती एकत्रित प्रत बंद करून तिथे नव्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प घ्या, Sample मध्ये Current & Below निवडा, आणि बघा की हा नवा लेयर हलवलेल्या व्यक्तीच्या लेयरखाली आहे. तो वर असेल तर क्लोनमध्ये साडीचाच रंग येऊ लागतो, आणि सुरुवातीचा डाग पुन्हा नव्याने तयार होतो.

ज्या फोटोत व्यक्तीचा पाय किंवा अर्धं अंग दुसऱ्या कोणाच्या मागे झाकलेलं आहे, तिथे हे काम घेऊ नका. नव्या जागी तो भाग दिसायला हवा आणि तो फोटोत नाहीच. अशा वेळी त्याच दिवसाचे बाकीचे फोटो मागवा. लग्नात आणि घरच्या कार्यक्रमात एकाच जागी पाच-सहा क्लिक झालेले असतात, आणि त्यातल्या एकात ती व्यक्ती पूर्ण मिळते. तिला त्या फोटोतून आणायचं, बुजवण्याची आणि सावलीची रीत मात्र हीच राहते.